सही होईपर्यंत इतिवृत्त कोणाच्या हातात असते? कार्यकारी समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गेली नऊ वर्षे मी या समितीच्या सभांचे इतिवृत्त लिहिते. प्रत्येक इतिवृत्ताच्या शेवटी डाव्या बाजूला "इतिवृत्त लेखन" असे शब्द असतात आणि त्यांच्यापुढे माझे नाव असते. सातव्या सभेच्या इतिवृत्तावरही ते आहे. त्या इतिवृत्तातला पाचव्या विषयावरचा ठराव मात्र मी लिहिलेला नाही. तो सभेत वाचला गेला नाही, त्यावर मतदान झाले नाही, आणि सदस्यांना पाठवलेल्या मसुद्यातही तो तसा नव्हता. तरी आज प्रोसिडिंग बुकात तोच आहे आणि त्याखाली अध्यक्षांची सही आहे.

ही गोष्ट मी समितीला लेखी कळवली. त्यावर मागच्या सभेत दोन गोष्टी ठरल्या. पहिली अशी की हा "शब्दांचा किरकोळ फरक" आहे, त्यामुळे काही करायची गरज नाही. दुसरी अशी की यापुढे मसुदा सदस्यांना पाठवायचाच नाही, कार्यवाह तो अंतिम करतील आणि सभेत वाचून कायम करून घेतला जाईल. पहिली गोष्ट मी कदाचित आणखी एकदा समजावून सांगितली असती. दुसरीमुळे हे पत्र सर्व सभासदांसमोर ठेवणे मला भाग पडले आहे.

काय घडले ते आधी तारखांनिशी सांगते, कारण बहुतेकांना याचा एकेक तुकडाच माहीत आहे.

सातवी सभा 14 तारखेला झाली. पाचवा विषय होता सभागृहाच्या छताच्या कामाचा दुसरा हप्ता. चर्चा बरीच झाली. शेवटी ठरावाचा मजकूर ठरला तेव्हा अध्यक्षांनीच मला तो मतदानाआधी मोठ्याने वाचायला सांगितले. मी वहीतून वाचला: "कामाची तपासणी होऊन ते समाधानकारक असल्याचा लेखी अहवाल मिळाल्यानंतर दुसरा हप्ता द्यावा." वहीत "मिळाल्यानंतर" या शब्दाखाली मी पेन्सिलने दोनदा रेघ ओढली आहे, कारण एका सदस्याने त्याच शब्दावर बोट ठेवून विचारले होते, "म्हणजे अहवालाच्या आधी नाही ना?" आणि सगळ्यांनी "नाही" म्हटले होते. सहा जणांनी बाजूने मत दिले, विरोधात कोणी नव्हते, दोघे तटस्थ राहिले.

17 तारखेला मी पहिला मसुदा अध्यक्ष आणि कार्यवाह यांना पाठवला, नावे आणि आकडे तपासून घेण्यासाठी. याला मी मसुदा 0.1 म्हणते. तीन दिवसांत काही कळले नाही, म्हणून 20 तारखेला थोडी सफाई करून मसुदा 0.2 सर्व अकरा सदस्यांना पाठवला आणि 27 पर्यंत दुरुस्त्या मागवल्या. तीन सदस्यांकडून चार दुरुस्त्या आल्या. त्यांतल्या तीन घालून 28 तारखेला 0.3 तयार केला आणि कार्यवाहांना पाठवला. माझ्या दृष्टीने काम संपले होते.

दरम्यान 22 तारखेला अध्यक्षांनी मोबाइलवर 0.1 उघडला होता. तोपर्यंत 0.2 सगळ्यांकडे गेला होता, पण त्यांच्यासमोर जुन्या मेलची जोडणी होती. त्यांनी भाषा आटोपशीर केली आणि फाइल "इतिवृत्त फायनल.docx" या नावाने कार्यवाहांना पाठवली. यात त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, आणि वाचणाऱ्यांनीही तसे समजू नये. ठरावाचे वाक्य लांब होते. त्यांनी ते असे केले: "कामाची तपासणी करण्याच्या अटीवर दुसरा हप्ता द्यावा." मतदानाच्या ओळीत त्यांनी "सर्वानुमते" लिहिले, कारण विरोध कोणीच केला नव्हता.

पुढच्या सभेची तयारी करताना कार्यवाहांकडे दोन फाइली होत्या. एकीच्या नावात 0.3 होते, दुसरीच्या नावात "फायनल" होते. त्यांनी "फायनल" घेतली. सदस्यांच्या दुरुस्त्यांपैकी ज्या दोन आठवल्या त्या तिच्यात घातल्या आणि "इतिवृत्त फायनल नवीन.docx" छापून बुकात चिकटवली. विषयपत्रिकेबरोबर इतिवृत्त पुन्हा पाठवले नाही, कारण "आधी पाठवलेच आहे." आठव्या सभेत "सर्वांनी वाचले आहे असे समजून कायम करावे" अशी सूचना आली, अनुमोदन मिळाले, सही झाली. हा विषय एका मिनिटाच्या आत संपला. सगळ्यांनी वाचलेला मजकूर एक होता आणि सही झालेला मजकूर दुसरा.

अकरा दिवसांनी खजिनदारांनी बुकातला ठराव वाचला आणि हप्ता दिला. त्यांना दोष देता येणार नाही. "तपासणी करण्याच्या अटीवर" याचा अर्थ पैसे द्या आणि तपासणीही करा, असा सरळ निघतो. "अहवाल मिळाल्यानंतर" याचा अर्थ अहवाल हातात नसेल तर पैसे नाहीत. एकात तपासणी ही कंत्राटदाराने मान्य केलेली एक गोष्ट आहे, दुसऱ्यात ती तिजोरीचे कुलूप आहे. तपासणी पुढे झाली तेव्हा छताच्या एका जोडात पाणी मुरताना दिसले. आता दुरुस्तीसाठी कंत्राटदाराला थांबवून धरायला समितीच्या हातात दुसरा हप्ता नाही.

हे माझ्या लक्षात आले तेही योगायोगाने. दुसऱ्याच कामासाठी बुक चाळताना "अटीवर" हा शब्द डोळ्यांत खुपला. माझ्या लिहिण्यात तो सहसा येत नाही. मग बुकातल्या मजकुराची फाइल मागवून घेतली आणि Word मध्ये `Review` खाली `Compare` वापरून ती 0.2 शी ताडून पाहिली. नऊ ठिकाणी फरक निघाला. सहा ठिकाणचे फरक शुद्धलेखनाचे आणि विरामचिन्हांचे. उरलेले तीन असे: हप्त्याचे वाक्य, "सर्वानुमते" हा शब्द, आणि तिसऱ्या विषयाखाली आलेला एक नवा परिच्छेद. सदस्यांना हे ताडून पाहायला सहीच्या आधी पाच मिनिटे लागली असती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वात मोठी तक्रार ठरावाच्या मजकुराला हात लागल्याची आहे. इतिवृत्तात दोन प्रकारचा मजकूर असतो. चर्चेचा सारांश हा लिहिणाऱ्याचा असतो. तो आखूड करता येतो, त्यातली भाषा सुधारता येते, कोणाचे म्हणणे नीट आले नसेल तर ते नीट करता येते. ठराव मात्र सभेचा असतो. ज्या शब्दांवर मतदान झाले तेच शब्द नोंदवायचे असतात, मग ते लांबलचक असोत, कानाला बरे वाटोत न वाटोत. त्यात व्याकरणाची चूक असेल तर तीसुद्धा सभेसमोर ठेवूनच सुधारायची. अध्यक्षांना, कार्यवाहांना किंवा मला, तिघांपैकी कोणालाही तो अधिकार नाही. "किरकोळ फरक" हा शब्द वापरणाऱ्यांना माझी विनंती आहे की ती दोन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहावीत आणि दोन्ही वाक्ये खजिनदाराच्या जागी बसून वाचावीत.

"सर्वानुमते" या शब्दाबद्दलही हेच. विरोध झाला नाही याचा अर्थ सर्वांनी संमती दिली असा होत नाही. तटस्थ राहिलेल्या दोघांपैकी एकीने सभेत कारण सांगितले होते, की तपासणी बाहेरच्या माणसाकडून व्हावी असे तिला वाटत होते. 0.2 वर तिने लेखी दुरुस्तीही पाठवली होती: "बहुमताने" एवढेच न लिहिता 6 बाजूने, विरोधात कोणी नाही, 2 तटस्थ असे लिहावे. आज बुक उघडले तर तिनेही हप्त्याच्या बाजूने मत दिले असे दिसते. उद्या या हप्त्याबद्दल कोणी सदस्यांना जबाबदार धरले तर ती काय दाखवणार?

दुसरी तक्रार दुरुस्त्या कशा गोळा होतात याची. त्या चार दुरुस्त्यांचे काय झाले ते पाहा. एक आडनावाच्या अक्षराची होती, ती बुकात आली. एक मतांच्या आकड्यांची, ती हरवली. एक सदस्या दुसरा विषय संपल्यावर आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या हजेरीपुढे तसे लिहावे अशी होती. तीही हरवली, आणि आता दुसऱ्या विषयाच्या निर्णयात त्या सहभागी होत्या असे दिसते. चौथी दुरुस्ती म्हणजे तिसऱ्या विषयाखालचा तो नवा परिच्छेद. तो एका सदस्यांनी पाठवला होता. त्यातले म्हणणे विचार करण्याजोगे आहे, पण ते सभेत कोणी बोललेच नव्हते. घरी गेल्यावर सुचलेले ते होते. 0.3 मध्ये मी तो घेतला नव्हता आणि त्यांना तसे कळवलेही होते. कार्यवाहांना जी दोन आठवली त्यांत नेमका तो होता.

दुरुस्ती आणि पश्चातबुद्धी यांत फरक करायला एकच प्रश्न पुरतो: हे त्या दिवशी त्या खोलीत घडले का? घडले असेल आणि मसुद्यात नसेल, तर ती दुरुस्ती. घडले नसेल, तर ते कितीही योग्य असले तरी पुढच्या सभेचा विषय आहे. इतिवृत्त कायम करताना समिती फक्त नोंद बरोबर आहे की नाही ते पाहते. निर्णय बरोबर होता की नाही ही चर्चा तिथे उघडता येत नाही, आणि आता नकोसा झालेला निर्णय नोंद "सुधारून" बदलताही येत नाही. त्यासाठी नवा ठराव आणावा लागतो.

हा प्रश्न विचारायचा तर चारही दुरुस्त्या एका जागी दिसायला हव्या होत्या. त्या आल्या होत्या चार वाटांनी: एक मेलने, एक गटावरच्या निरोपातून, एक फोनवर, आणि एक छापील कागदावर पेनने लिहून. मी त्या वहीत उतरवल्या होत्या. पण माझी वही कार्यवाहांपुढे नव्हती.

तिसरी तक्रार फाइलींच्या नावांची. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण या प्रकरणाची मेख इथेच आहे. "फायनल" हे नाव फाइलीला कोणीही देऊ शकते आणि दिले की समोरचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. सभेने कायम करेपर्यंत कुठलाही मसुदा अंतिम नसतो. म्हणून नावात क्रमांक हवा, आणि तो शून्याने सुरू व्हावा, म्हणजे बघताक्षणी कळते की हे अजून कायम झालेले नाही. 0.1 तपासणीला, 0.2 सर्वांना, 0.3 दुरुस्त्यांनंतर. 1.0 हा आकडा सभेने कायम केलेल्या आणि सही झालेल्या प्रतीलाच मिळावा. क्रमांक फाइलीच्या नावात असून भागत नाही, तो प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेला हवा, कारण कागद हातात आल्यावर फाइलीचे नाव कोणाला दिसते? "मसुदा 0.1, कायम न झालेला, 5 पैकी पान 3" एवढी ओळ तिथे असती तर बुकात चिकटवताना कार्यवाहांचा हात थांबला असता. त्या प्रतीच्या तळाशी काहीच नव्हते.

काही सदस्यांनी सुचवले की सामाईक ऑनलाइन दस्तऐवज ठेवला की हे सगळे आपोआप सुटेल. तो ठेवायला माझी हरकत नाही, उलट मला तो हवाच आहे. पण अकरा जणांना त्यात थेट बदल करण्याची मुभा दिली तर एका फाइलीच्या अकरा फाइली होण्याऐवजी अकरा हात एकाच वाक्यावर पडतील. सदस्यांना शेरा देण्याची मुभा असावी आणि बदल एकाच व्यक्तीने करावेत. "बदल नोंदवत राहा" ही सोय चालू ठेवली तरी त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. कोणी ती मध्येच बंद केली, किंवा सगळे बदल एकदम स्वीकारून फाइल पुढे पाठवली, तर मजकूर अगदी स्वच्छ दिसतो आणि काय बदलले ते कळत नाही. म्हणून सहीआधीची प्रत ही सर्वांना पाठवलेल्या, पुन्हा न उघडलेल्या पीडीएफशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

चौथी तक्रार समितीच्या नव्या निर्णयाची. मसुदा पाठवला की फार दुरुस्त्या येतात, वाद वाढतात, असे कारण दिले गेले. चार दुरुस्त्या आल्या होत्या आणि त्यांतल्या तीन बरोबर होत्या. नुसते सभेत वाचून काय पकडता येते? इतिवृत्त पाच पानांचे असते. महिन्याभरापूर्वीच्या सभेतले "मिळाल्यानंतर" आणि "करण्याच्या अटीवर" यांतला फरक कानांनी ओळखणारा सदस्य मला दाखवा. मी तो ठराव स्वतः लिहिला होता, पण नुसता ऐकून मलाही तो फरक कळला असता असे मी म्हणू शकत नाही. इतिवृत्त सभेनंतर आठवड्याभरात डोळ्यांखालून गेले तरच आठवण ताजी असते आणि समोर कागद असतो. ते एकमेव पाऊल समितीने काढून टाकले आहे. ज्या वाटेने चूक आत आली ती वाट मात्र उघडीच आहे.

एका आक्षेपाला मात्र मी मान देते. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की सगळे मसुदे जपून ठेवले तर प्रत्येक वादात कोणीतरी जुना कागद काढेल आणि सही झालेल्या इतिवृत्ताची किंमत राहणार नाही. हे खरे आहे. नोंद एकच असायला हवी, आणि सही झाली की तीच प्रमाण. म्हणून 0.1 आणि मधले मसुदे, तसेच माझ्या वहीतली कच्ची टिपणे, कायम झाल्यावर नष्ट करावीत असेच माझेही मत आहे. मात्र दोन कागद राहावेत: सर्वांना पाठवलेली प्रत आणि दुरुस्त्यांचा तक्ता. ते किती काळ ठेवायचे ते समितीने लेखी ठरवावे. मी निदान त्या वर्षाची लेखातपासणी पूर्ण होईपर्यंत म्हणेन. या वेळी वही आणि 0.2 हातात होते म्हणून चूक दाखवता तरी आली. ती नसती तर आज माझा शब्द आणि अध्यक्षांची सही एवढेच समोरासमोर उभे राहिले असते.

सभासदांपैकी काहींनी मला विचारले की इतिवृत्त कायम होईपर्यंत निर्णय लागूच होत नसेल, मग मसुद्यात इतका वेळ का घालवायचा. हा गैरसमज आहे. ठराव मंजूर झाल्या क्षणापासून निर्णय लागू असतो, इतिवृत्त ही त्याची नोंद आहे. खजिनदारांना पैसे आधीही देता आले असते, फक्त तेव्हा त्यांनी 0.2 वाचला असता आणि अहवाल मागितला असता. कायम होण्याआधी कोणाला उतारा द्यायची वेळ आलीच, तर "इतिवृत्त अद्याप कायम व्हायचे आहे" असे त्यावर लिहून द्यावा.

आता माझ्या मागण्या. त्या साध्या आहेत आणि त्यांना काही खर्च नाही.

मागच्या सभेतला मसुदा न पाठवण्याचा निर्णय मागे घ्यावा. सभेनंतर तीन दिवसांत 0.1 अध्यक्ष आणि कार्यवाह यांच्याकडे जावा. त्यांनी पुढच्या तीन दिवसांत नावे, आकडे, हजेरी एवढेच तपासावे आणि शेरे कळवावेत, फाइल स्वतः बदलू नये. त्यानंतर 0.2 सर्वांना पीडीएफ स्वरूपात जावा आणि दुरुस्तीसाठी सात दिवस मिळावेत. फाइलीत बदल करणारी व्यक्ती एकच असावी. ती मीच असावी असा माझा हट्ट नाही. समितीने दुसरे कोणी नेमले तरी चालेल, पण एका वेळी एकच.

दुरुस्त्या एकाच तक्त्यात याव्यात. फोनवर सांगितलेलीही तक्त्यात लिहिली गेल्याशिवाय धरू नये. तक्त्यात विषय क्रमांक, आताचे शब्द, हवे असलेले शब्द, सुचवणाऱ्याचे नाव आणि निकाल असे रकाने असावेत. त्या सभेतली एक ओळ अशी दिसली असती: विषय 5, आताचे शब्द "बहुमताने मंजूर", हवे असलेले शब्द "6 बाजूने, विरोधात कोणी नाही, 2 तटस्थ, मंजूर", निकाल "घेतली." आणि त्याखाली: विषय 3, नवा परिच्छेद, निकाल "घेतली नाही, सभेत हे बोलले गेले नव्हते, पुढच्या विषयपत्रिकेत घेता येईल." नाकारलेली दुरुस्तीही तक्त्यात दिसली पाहिजे. ज्याला तो निकाल मान्य नसेल त्याने तो सभेत मांडावा, आणि तिथे समितीने ठरवावे.

विषयपत्रिकेबरोबर 0.3 आणि हा तक्ता, दोन्ही जावेत. "आधी पाठवले आहे" यावर भागवू नये, कारण आधी पाठवलेले आणि कायम करायचे ते एकच नसते.

सभेत दुरुस्ती निघाली तर छापील प्रतीवर पेनने करावी, चुकीचा शब्द वाचता येईल असा एका रेघेने खोडावा, शेजारी अध्यक्षांनी आद्याक्षरे आणि तारीख घालावी. पान नव्याने छापून बदलू नये. ती दुरुस्ती त्या सभेच्या इतिवृत्तातही यावी: "मागील सभेच्या इतिवृत्तात अमुक दुरुस्ती करून ते कायम करण्यात आले." सही करण्याआधी दोन सदस्यांनी बुकातली प्रत 0.3 शी ताडून पाहावी, आणि अध्यक्षांनी शेवटच्या पानावर पूर्ण सही, बाकी प्रत्येक पानावर आद्याक्षरे करावीत. सही करणारा सगळे स्वतःला आठवते असे म्हणत नसतो, सभेने हा मजकूर खरी नोंद म्हणून स्वीकारला एवढेच तो सांगतो. म्हणूनच सभेने स्वीकारलेला मजकूर तो हाच, याची खात्री सहीआधी व्हायला हवी.

सही झाल्यावर मात्र बुकाला कोणीही हात लावू नये. सातव्या सभेचे पान फाडून नवे चिकटवा, अशी मागणी मी करत नाही. कोणी तसे सुचवले तर मी विरोध करीन. चूक दुरुस्त करायची रीत ही की पुढच्या सभेत ठराव व्हावा, तो त्या सभेच्या इतिवृत्तात यावा, आणि जुन्या पानाच्या समासात फक्त "पाहा: सभा 10, विषय 2" एवढी नोंद तारखेसह व्हावी. जुना मजकूर तिथे तसाच वाचता आला पाहिजे. खजिनदारांनी तो वाचूनच पैसे दिले, हेही रेकॉर्डवर राहिले पाहिजे.

या ठरावाचा मजकूर मी खाली देत आहे. दहाव्या सभेची विषयपत्रिका निघण्याआधी तो तिच्यात घ्यावा ही विनंती. तो घेतला जाईपर्यंत मी सभेला येईन आणि टिपणे घेईन, पण मसुदा सदस्यांकडे न गेलेल्या कुठल्याही इतिवृत्ताखाली "इतिवृत्त लेखन" या शब्दांपुढे माझे नाव छापू नये.

"सातव्या सभेच्या कायम झालेल्या इतिवृत्तात विषय 5 खालील ठराव सभेत मंजूर झालेल्या शब्दांप्रमाणे नोंदवला गेलेला नाही, असे समितीच्या निदर्शनास आले आहे. त्या ठरावाचा मजकूर 'कामाची तपासणी होऊन ते समाधानकारक असल्याचा लेखी अहवाल मिळाल्यानंतर दुसरा हप्ता द्यावा' असा होता, आणि तो 6 बाजूने, विरोधात कोणी नाही, 2 तटस्थ अशा मतांनी मंजूर झाला. विषय 3 खालील शेवटचा परिच्छेद सभेत झालेल्या चर्चेचा भाग नव्हता. हजेरीत एक सदस्या विषय 2 नंतर उपस्थित झाल्याची नोंद राहून गेली आहे. सातव्या सभेची नोंद याप्रमाणे दुरुस्त समजावी आणि मूळ पानाच्या समासात या ठरावाचा निर्देश करावा."

आपली,
समितीची इतिवृत्त लेखिका